कॅशियरच्या स्क्रीनवर मालकाचा नफा दिसला, आता काय? दुकानातल्या बिलिंगचे हक्क नीट लावून घेण्याची पद्धत

लालबागमधलं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. मालक, त्यांचा पुतण्या, एक मदतनीस आणि काउंटरवर कॅशियर. तिला आपण वैशाली म्हणू. ऐन संध्याकाळच्या गर्दीत एक गिऱ्हाईक आलं. दोन महिन्यांपूर्वी नेलेला सीलिंग फॅन बंद पडला होता, वॉरंटीसाठी बिल हवं होतं आणि नेमकं तेच हरवलं होतं. बिल नंबर माहीत नव्हता, म्हणून वैशालीनं बिलांचं रजिस्टर उघडून त्या अख्ख्या महिन्याच्या तारखा टाकल्या. मोबाइल नंबरावरून बिल सापडलं, प्रिंट निघाली, गिऱ्हाईक गेलं. रजिस्टर बंद करताना माउस खालच्या पट्टीवर ओढला गेला, तक्ता उजवीकडे सरकला आणि तिनं कधीच न पाहिलेले तीन रकाने समोर आले: `Cost`, `Profit`, `Margin %`. तळाला बेरीज होती. विक्री 5,90,000 रुपये, नफा 1,80,000 रुपये. तिचा पगार 16,000 रुपये.

रात्रभर तो आकडा तिच्या डोक्यात राहिला. सकाळी शटर वर गेल्यावर तिनं स्वतःच विषय काढला.

"शेठ, काल जुनं बिल शोधताना मला नफ्याचा रिपोर्ट दिसला. मुद्दाम उघडला नव्हता. पण तुम्हाला माहीत असावं."

"कुणी उघडून दिला तुला?"

"कुणी नाही. आपल्या सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे ना."

दोष होता तो याच उत्तरात. सॉफ्टवेअर बसवताना एकच `Admin` खातं उघडलं गेलं. दिवाळीच्या गर्दीत नवीन माणूस काउंटरवर बसला, तेव्हा त्यालाही तोच पासवर्ड सांगितला आणि पुढे तोच चालू राहिला. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे हक्क देण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती, फक्त ती कुणी वापरली नव्हती. मी दुकानांची बिलिंग लावून देण्याचं काम करतो, आणि छोट्या दुकानांत मला हाच प्रकार सर्रास दिसतो. म्हणून त्या दुकानात जे जे केलं ते क्रमानं सांगतो. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी कामाचा क्रम बदलत नाही.

आधी कॅशियरनं काय करावं

वैशाली जे वागली ते मला पूर्ण पटतं. तिनं स्क्रीनचा फोटो काढला नाही, रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवला नाही, मदतनीसाला सांगितलं नाही आणि चोवीस तासांच्या आत मालकाला सांगितलं. यात नुसता प्रामाणिकपणा नाही, तिच्या स्वतःच्या बचावाचा भागही आहे. काम करताना समोर आलेली गोष्ट दिसणं वेगळं आणि ती काढून नेणं वेगळं. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती उतरवून घेणं किंवा तिची प्रत काढणं नुकसानभरपाईला पात्र ठरतं. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम 66 खाली तो गुन्हा होतो. मोबाइलमध्ये पडलेला एक फोटो हेतूबद्दल नको ते प्रश्न उभे करतो. सांगताना तारीख, वेळ आणि कुठल्या मेन्यूतून गेलो एवढं सांगावं, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला तोच रस्ता पुन्हा चालून बघता येतो.

मालकानं त्या क्षणी दोन गोष्टी टाळाव्यात. एक म्हणजे तिच्यावरच संशय घेणं. असं केलं की पुढच्या वेळी कुणीही सांगायला येणार नाही. दुसरी म्हणजे घाईघाईनं फक्त पासवर्ड बदलणं. लालबागच्या शेठनी नेमकं हेच केलं आणि दुपारी काउंटर बंद पडला, कारण बिलं बनवायलाही तोच पासवर्ड लागत होता. शेवटी नवा पासवर्ड वैशालीलाच सांगावा लागला, म्हणजे गाडी पुन्हा मूळ जागी आली.

तो आकडा खरा होता का?

हक्कांकडे वळण्याआधी त्या 1,80,000 कडे बघू, कारण दुकानातलं सगळं अवघडलेपण त्या आकड्यामुळे आलं होतं. आणि तो आकडा चुकीचा होता.

एक स्विच घ्या. गिऱ्हाइकाला 118 रुपयांना विकला. त्यात 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे दुकानाची विक्री 100 रुपये आणि सरकारचे 18. हा स्विच लोहार चाळीतून 82 रुपये अधिक जीएसटी अशा भावानं आला होता. खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळते, म्हणून दुकानाचा खर्च 82 धरायचा. नफा झाला 18 रुपये. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये नफा मोजताना विक्रीची किंमत जीएसटीसह आणि खरेदीची जीएसटीशिवाय घेण्याची सेटिंग होती. त्यामुळे रिपोर्ट 118 मधून 82 वजा करून 36 रुपये नफा दाखवत होता. नेमका दुप्पट.

हाच हिशेब महिन्याला लावा. 5,90,000 मधून जीएसटीचे 90,000 गेले, उरली विक्री 5,00,000. रिपोर्टमधली खरेदी किंमत 4,10,000. नफा 90,000. पण यातही एक भोक होतं. मीटरवर कापून दिलेली वायर आणि सुटे स्क्रू, क्लिप अशा काही वस्तूंच्या खात्यात खरेदी भाव भरलेलाच नव्हता. भाव रिकामा असला की सॉफ्टवेअर तो शून्य धरतं आणि वस्तूची सगळी विक्री नफा म्हणून दाखवतं. पावत्या काढून बघितल्यावर अशा मालाची खरेदी 8,000 रुपये निघाली. म्हणजे ढोबळ नफा 82,000. त्यातून भाडं 18,000, दोन पगार 30,000, वीज 4,000, लोहार चाळीतून माल आणण्याचा टेम्पो 5,000 आणि किरकोळ 3,000 वजा केले की उरतात 22,000. मालकाच्या कर्जाचा हप्ता याच्यातूनच जातो.

तुमच्या दुकानात रिपोर्ट खरं बोलतो का, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. जिची खरेदीची पावती हाताशी आहे अशी एकच वस्तू घ्या, तिचा नफा कागदावर काढा आणि वस्तुनिहाय नफ्याच्या रिपोर्टमधल्या आकड्याशी ताडून बघा. फरक बरोबर जीएसटीएवढा असेल तर सेटिंग चुकलेली आहे. मग तोच रिपोर्ट `Margin %` प्रमाणे उतरत्या क्रमानं लावा. वरच्या ओळींत 100 टक्के दिसलं की त्या वस्तूंचा खरेदी भाव रिकामा आहे असं समजा. कॉम्पोझिशन योजनेतल्या दुकानाला मात्र खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे तिथे खरेदी जीएसटीसह धरायची आणि वरचं गणित बदलतं.

शेठनी हा हिशेब वैशालीसमोर वहीत मांडला. हे मी सुचवलेलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं. सगळ्या मालकांना ते पटेल असं नाही आणि आपला नफा कामाच्या माणसाला दाखवणं कुणावर बंधनकारकही नाही. पण चुकीचा आकडा एकदा दिसून गेल्यावर गप्प बसलं, तर माणूस तोच आकडा खरा धरून चालतो, असं माझं मत आहे. तिनंही हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाली, "शेठ, पगाराचं मला बोलायचं होतंच. पण ते या आकड्यावरून नको, माझ्या कामावरून बोलू." ते बोलणं त्यांनी वेगळ्या दिवशी केलं.

हक्क लावण्याआधी: कॅशियरला काय दिसायला हवं

बहुतेक जण इथे उलटी सुरुवात करतात. काय काय बंद करायचं याची यादी घेऊन बसतात, आणि मग कॅशियरला दिवसाचा गल्लाही जुळवता येत नाही. आधी तिच्या शेजारी बसून तिचं दिवसभराचं काम बघा. लालबागच्या दुकानात ते असं निघालं: बिल बनवणं, पैसे रोख, यूपीआय की कार्डनं आले ते नोंदवणं, मागच्या बिलाची प्रिंट काढून देणं, परत आलेला माल घेणं, वस्तू शिल्लक आहे का ते बघणं आणि रात्री गल्ला मिटवणं.

यातली प्रत्येक गोष्ट नफा न दाखवता करता येते. जुनं बिल शोधायला सगळं रजिस्टर लागत नाही. मोबाइल नंबर किंवा तारीख टाकून एकच बिल उघडण्याची वेगळी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. शिल्लक बघताना नग दिसले की पुरे, त्यांची किंमत दिसायची गरज नाही. गल्ल्याच्या वेळी तर तिनं आधी ड्रॉवरमधली रोकड मोजून आकडा भरावा आणि मगच सॉफ्टवेअरनं अपेक्षित रक्कम दाखवावी, ही पद्धत उत्तम. मालकाला खरा फरक कळतो, आणि आकडा बघून जुळवून घेतला असा आळ कॅशियरवर येत नाही.

परत आलेला माल आणि बिल रद्द करणं या दोन ठिकाणी मात्र मालकाची किंवा पुतण्याची मंजुरी ठेवा. नफा लपवण्याशी याचा संबंध नाही. काउंटरवरचा गैरप्रकार बऱ्याचदा याच दोन जागांवर होतो, आणि मंजुरी असली की प्रामाणिक माणूस संशयातून सुटतो.

खाती वेगळी करणं

आता प्रत्यक्ष काम. हे सकाळी दुकान उघडण्याआधी करा आणि त्याआधी बॅकअप घ्या. सगळ्यात आधी मालकाच्या नावानं पूर्ण हक्कांचं नवीन खातं उघडा आणि त्यानं आत जाता येतं का ते करून बघा. ते चालल्याशिवाय जुन्या `Admin` ला हात लावू नका, नाहीतर स्वतःच बाहेर अडकून पडाल. मग कॅशियरची भूमिका, म्हणजे तिला लागणाऱ्या हक्कांचा संच, बनवा. काहीही परवानगी नसलेल्या रिकाम्या भूमिकेपासून सुरुवात करून वर सांगितलेली कामं एकेक करून चालू करा. पूर्ण हक्कांच्या भूमिकेतून एकेक बंद करत गेलात तर काहीतरी हमखास राहून जातं. शेवटी वैशालीच्या नावानं खातं उघडून ही भूमिका त्याला जोडा. "काउंटर 1" असं सामाईक खातं ठेवू नका, कारण मग बिल कुणी रद्द केलं ते नोंदीतून कळत नाही. हे सगळं झालं की `Admin` चा पासवर्ड बदला आणि नवा पासवर्ड मालकाकडेच ठेवा.

टॅली वापरणाऱ्यांसाठी: टॅलीप्राइममध्ये हे काम `Alt+K` मधल्या `User Roles` आणि `Users and Passwords` इथे होतं. त्याआधी कंपनीच्या माहितीत `Control User Access to Company Data` हे `Yes` करावं लागतं. तयार असलेल्या `Data Entry` भूमिकेवर डोळे मिटून विसंबू नका, तिच्यात काय दिसतं ते त्या खात्यानं आत जाऊन स्वतः बघा.

मेन्यू बंद केला तरी भाव कुठून बाहेर येतो

खरं काम इथे आहे, आणि बसवून देणारे बरेच जण इथपर्यंत येतच नाहीत. नफ्याचा रिपोर्ट मेन्यूतून गेला म्हणजे नफा दिसायचा थांबला असं होत नाही. खरेदी भाव दिसला की नफा काढायला तोंडी हिशेब पुरतो.

पहिली जागा बिल बनवण्याची स्क्रीन. वस्तू निवडल्यावर शेजारी किंवा एखादी कळ दाबल्यावर मागचा खरेदी भाव दाखवण्याची सोय तिथे असते. मालक स्वतः काउंटरवर बसत असतील तर घासाघीस करताना त्यांना ती लागते, म्हणून चालू ठेवलेली असते. ती भूमिकेनुसार बंद होते का ते बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये ती फक्त सगळ्या संगणकासाठी चालू किंवा बंद करता येते. तसं असेल तर काउंटरच्या संगणकावर ती बंदच ठेवा.

दुसरी जागा सहसा लक्षात येत नाही. "भाव खरेदीपेक्षा कमी आहे" ही सूचना. गिऱ्हाइकानं सवलत मागितली की कॅशियर भाव कमी करते आणि खरेदीच्या खाली गेलं की सॉफ्टवेअर ओरडतं. स्विचला 90 टाकला, काही नाही. 85, काही नाही. 81 टाकला आणि सूचना आली. खरेदी 81 आणि 85 च्या मध्ये कुठेतरी आहे हे दोन मिनिटांत कळलं. उपाय साधा आहे: ही सूचना खरेदी भावाला न जोडता प्रत्येक वस्तूच्या किमान विक्री भावाला जोडायची. स्विचचा किमान भाव जीएसटीशिवाय 92 ठेवला, तर सूचना 92 ला येते आणि 82 लपून राहतो. घासाघिशीत कुठपर्यंत जायचं हे कॅशियरलाही नेमकं कळतं. वस्तू हजारो असतील तर सगळ्यांचा भाव एका दिवसात भरायला जाऊ नका. ज्यांच्यावर रोज सवलत मागितली जाते तेवढ्यांचा आधी भरा.

तिसरी जागा खरेदीची नोंद. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेली बिलं कॅशियरच भरत असेल, तर तिला खरेदी भाव माहीत असणारच. तिथे लपवाछपवीचा देखावा करू नये. एकतर ते काम पुतण्याकडे द्या, किंवा तिच्यावर विश्वास आहे म्हणून तिला दिलं आहे असं स्पष्ट सांगा आणि पगारातही ते दिसू द्या. लालबागला खरेदीच्या नोंदी पुतण्याकडे गेल्या.

सॉफ्टवेअरच्या बाहेर

काउंटरच्या संगणकावर `Downloads` उघडून `*.xlsx` आणि `*.pdf` शोधलं, तेव्हा महिन्याचे जुने नफ्याचे रिपोर्ट तिथे तसेच पडलेले सापडले. सीएला पाठवायला शेठनी स्वतःच काढलेले. ब्राउझरमध्ये त्यांचं ईमेलही उघडंच होतं, आणि त्यात सॉफ्टवेअरकडून रोज रात्री येणारा विक्री-नफ्याचा सारांश होता. म्हणजे सॉफ्टवेअरचे हक्क कितीही चोख लावले असते तरी काउंटरवर बसणाऱ्याला सगळं वाचता आलं असतं. फायली पेन ड्राइव्हवर घेऊन संगणकावरून काढल्या, ईमेल तिथून बाहेर काढलं आणि विंडोजमध्ये मालकाचं आणि काउंटरचं अशी दोन वेगळी खाती केली. जागेवरून उठताना `Win+L` दाबून स्क्रीन लॉक करायची सवय दोघांनाही लावली.

बॅकअपचंही असंच. काउंटरच्याच संगणकावर पडलेली बॅकअपची फाइल दुसऱ्या संगणकावर चढवली की सगळे आकडे समोर येतात. म्हणून बॅकअपला पासवर्ड लावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवा. मालकाच्या मोबाइलवरच्या ॲपलाही पिन हवा, कारण मालाचा फोटो काढायला तोच मोबाइल दिवसातून कितीदा तरी दुसऱ्याच्या हातात जातो.

चाचणी कॅशियरच्याच खुर्चीत

हक्क लावल्यावर मालकाच्या खात्यातून बघून "झालं" म्हणणं निरर्थक आहे. आम्ही वैशालीच्या खात्यानं आत गेलो आणि ज्या रस्त्यानं तिला आकडा दिसला होता तोच रस्ता आधी चाललो: फॅनचं तेच बिल, तोच महिना. रजिस्टर उघडलं नाही, एकच बिल उघडलं. मग मेन्यूमधल्या शोधपेटीत `profit` टाकलं. मेन्यूतून गायब झालेला रिपोर्ट तिथे अजून दिसत होता आणि क्लिक केल्यावर उघडतही होता! आधीच्या सेटिंगनं फक्त मेन्यूतलं नाव लपलं होतं, रिपोर्टचा हक्क वेगळ्या पानावर होता. तो काढला. मग बिल पीडीएफमध्ये काढून बघितलं, वस्तूच्या खात्यात गेलो, शिल्लक मालाची यादी एक्सेलमध्ये उतरवायचा प्रयत्न केला. यादीत किमतीचा रकाना येत होता, म्हणून फाइल उतरवण्याचा हक्कच काढून घेतला. शेवटी 81 रुपयांचं बिल करून बघितलं, सूचना किमान भावाचीच आली.

चाचणीची दुसरी बाजू म्हणजे एक पूर्ण दिवसाचं काम. त्या दिवशी वैशालीला दोनदा अडलं. एकदा कालच्या बिलातला गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर दुरुस्त करायचा होता, आणि एकदा यूपीआयचं पेमेंट चुकून रोख म्हणून पडलं होतं. पहिल्यासाठी मालकाची मंजुरी ठेवली, दुसऱ्यासाठी त्याच दिवसापुरता हक्क तिला दिला. असं अडलं की पूर्ण हक्कांचा पासवर्ड "आजच्यापुरता" सांगायचा मोह होतो. सांगावाच लागला, तर संध्याकाळी तो बदलायचा.

सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की नवे रिपोर्ट येतात, आणि काही वेळा ते सगळ्या भूमिकांना चालूच असतात. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर, आणि सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस लांबून संगणक हातात घेऊन काही दुरुस्त करून गेला की त्यानंतरही, वैशालीच्या खात्यातून `profit`, `cost` आणि `margin` हे तीन शब्द शोधपेटीत टाकून बघायचे. हे काम शेठनी वैशालीलाच दिलं आहे. काही उघडलं तर बंद करून त्याच दिवशी सांगायचं, एवढंच त्यांच्यात ठरलं आहे.